शब्द सगळे होते, मार्क मात्र तीनच

*मॅडम, मी बारावी सायन्सला आहे, सीबीएसई. बायोलॉजीचे पाच मार्कांचे प्रश्न मला येतात, तरी अडीच-तीनच्या वर गाडी जात नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मार्किंग स्कीम डाउनलोड करून प्रत्येक धड्याच्या कीवर्डची यादी केली. मॉलिक्युलर बेसिस ऑफ इनहेरिटन्स या एका धड्याचेच ४३ शब्द झाले. प्रीलिमला हर्शे आणि चेसचा प्रयोग आला. यादीतला एकही शब्द सोडला नाही, सगळ्यांखाली रेघा मारल्या, अडीच पानं लिहिली. पाचपैकी तीन. सर एवढंच म्हणाले, ‘पॉइंट्स नाहीत.’ आता यादी अजून मोठी करू की हा नादच सोडून देऊ? उत्तराचा फोटो सोबत पाठवते आहे.*
*— एक विद्यार्थिनी, नाशिक*

फोटो पाठवलास हे फार बरं केलंस, नाहीतर मला हवेत बोलावं लागलं असतं. उत्तर इंग्रजीत आहे. बाकीच्या वाचकांसाठी त्यातली दोन वाक्यं मराठीत देते. सुरुवातीला तू लिहिलं आहेस, ‘हर्शे आणि चेस यांनी बॅक्टेरिओफेज घेतले आणि त्यांना खूण करण्यासाठी रेडिओॲक्टिव्ह फॉस्फरस व रेडिओॲक्टिव्ह सल्फर वापरले.’ आणि शेवटाकडे, ‘सेंट्रिफ्युगेशननंतर रेडिओॲक्टिव्हिटी आढळली, यावरून डीएनए हेच आनुवंशिक द्रव्य असल्याचे सिद्ध झाले.’ दोन्ही वाक्यांत चुकीचं काहीच नाही. रेघा मारलेले शब्दही जिथे हवेत तिथे आहेत. पण पहिल्या वाक्यातून कळत नाही की फॉस्फरसने कशाला खूण झाली आणि सल्फरने कशाला. दुसऱ्यातून कळत नाही की रेडिओॲक्टिव्हिटी आढळली ती कुठे, आणि कोणत्या फेजची लागण केलेल्या नळीत. हा प्रयोग ज्याला अजिबात समजलेला नाही, त्यालाही ही दोन वाक्यं जशीच्या तशी लिहिता आली असती. तपासणाऱ्याला नेमकी हीच अडचण येते. तुला प्रयोग समजला आहे याची मला खात्री आहे, पण कागदावर तसा पुरावा नाही.

यादी मोठी करायची की सोडायची, हे ठरवण्याआधी तू एक गोष्ट गृहीत धरली आहेस तिकडे बघू. तुझ्या मनात असं आहे की परीक्षक हातात शब्दांची यादी घेऊन बसतो, शब्द दिसला की टिक करतो आणि शेवटी टिका मोजतो. मार्किंग स्कीम पहिल्यांदा बघणाऱ्याचा असा समज होणं साहजिक आहे, कारण स्कीममधली वाक्यं तुटक असतात आणि प्रत्येकासमोर अर्धा किंवा एक मार्क लिहिलेला असतो. पण तू डाउनलोड केलेल्या फाइलचं पहिलं पान, परीक्षकांसाठीच्या सूचनांचं, बहुतेक वाचलं नसशील. कोणीच वाचत नाही. थेट उत्तरांवर उडी. त्या पानावर मंडळाने स्पष्ट म्हटलेलं असतं की स्कीममध्ये दिलेले व्हॅल्यू पॉइंट सुचवलेले आहेत, ते संपूर्ण उत्तर नव्हे, आणि विद्यार्थ्याने आपल्या शब्दांत बरोबर लिहिलं असेल तर मार्क द्यावेत. उत्तर त्या योग्यतेचं असेल तर पूर्ण मार्क द्यायला कचरू नका, हेही तिथेच लिहिलेलं असतं. म्हणजे अर्धा मार्क मिळतो तो विधानाला. शब्द हा त्या विधानाचा एक भाग झाला. ‘सुपरनेटंट’ या शब्दाला स्वतःची किंमत शून्य. ‘सल्फरची खूण सुपरनेटंटमध्ये राहिली’ या विधानाला अर्धा मार्क.

त्याच सूचनांत मुख्य विषयांसाठी रोज २० उत्तरपत्रिका आणि आठ तासांचं काम असा हिशेब दिलेला असतो. भागाकार केलास तर एका उत्तरपत्रिकेच्या वाट्याला २४ मिनिटं येतात, आणि बायोलॉजीच्या पेपरात प्रश्न आहेत ३३. तुझं उत्तर समजून घेण्यासाठी मागचं पान उलटून ‘अच्छा, वर फॉस्फरस म्हणाली होती, म्हणजे इथे तेच म्हणायचं असणार’ असं जुळवत बसायला त्या माणसाला वेळ नाही. कुठलंही विधान एकट्याने वाचलं तरी पूर्ण वाटलं पाहिजे. रेघा मारल्याने शब्द सापडतो, पण शेजारी विधान नसेल तर सापडून उपयोग नाही.

आता हर्शे-चेसच्याच प्रश्नाची यादी मी कशी करीन ते दाखवते. पाच मार्कांना ‘प्रयोगाचे वर्णन करा आणि त्यातून काय सिद्ध झाले ते लिहा’ असं विचारलं, तर मार्कांची विभागणी साधारण पुढच्यासारखी होते. वर्षागणिक अर्धा मार्क इकडचा तिकडे होतो, पण सांगाडा बदलत नाही.

पहिली ओळ: काही फेज रेडिओॲक्टिव्ह फॉस्फरस असलेल्या माध्यमात वाढवले, दुसरे काही रेडिओॲक्टिव्ह सल्फर असलेल्या माध्यमात. एक मार्क.
दुसरी: फॉस्फरसमुळे डीएनएला खूण झाली, प्रथिनाला नाही, कारण प्रथिनात फॉस्फरस नसतो, सल्फरमुळे प्रथिनाला झाली, डीएनएला नाही, कारण डीएनएत सल्फर नसतो. एक मार्क.
तिसरी: हे फेज ई. कोलाय जिवाणूंना चिकटू देऊन लागण घडवली. अर्धा.
चौथी: ब्लेंडरमध्ये ढवळून जिवाणूंच्या बाहेर चिकटलेली विषाणूंची आवरणं सुटी केली. अर्धा.
पाचवी: सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून जिवाणू आणि विषाणूंचे कण वेगळे केले, जड जिवाणू तळाशी, हलकी आवरणं वरच्या द्रवात. अर्धा.
सहावी: फॉस्फरसवाल्या फेजची लागण झालेले जिवाणू रेडिओॲक्टिव्ह निघाले, सल्फरवाल्या फेजची लागण झालेले निघाले नाहीत, तिथे रेडिओॲक्टिव्हिटी वरच्या द्रवात राहिली. एक मार्क.
सातवी: म्हणजे विषाणूतून जिवाणूत डीएनए शिरतो, प्रथिन शिरत नाही, म्हणून डीएनए हे आनुवंशिक द्रव्य. अर्धा.

बेरीज पाच. आता तुझं उत्तर याला लावून बघितलं. पहिल्या ओळीचा अर्धा मार्क मिळतो, कारण दोन्ही मूलद्रव्यं आली पण दोन वेगळी माध्यमं, दोन वेगळ्या तुकड्या हे आलं नाही. तुझं वाक्य वाचून वाटतं की एकाच फेजला दोन्ही खुणा केल्या. दुसऱ्या ओळीचाही अर्धा: मध्येच कुठेतरी तू ‘डीएनएमध्ये फॉस्फरस असतो’ असं म्हटलं आहेस, सल्फर आणि प्रथिनाबद्दल काही नाही. तिसरी, चौथी, पाचवी व्यवस्थित, तिन्हींचे मिळून दीड. सहावीला शून्य. सातवीचा अर्धा. झाले तीन. तुझ्या सरांनी बरोबर तपासलं आहे, फक्त ‘पॉइंट्स नाहीत’ म्हणण्यापेक्षा कोणते नाहीत ते सांगितलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

गेलेले दोन मार्क कोणत्या ओळींतले आहेत ते बघ. पहिली, दुसरी आणि सहावी. या तिन्ही ओळी जोडीच्या आहेत. फॉस्फरस इकडे, सल्फर तिकडे. हे रेडिओॲक्टिव्ह, ते नाही. एका हाताच्या ओळी, म्हणजे लागण, ढवळणं, फिरवणं, तुला पूर्ण आल्या, कारण तिथे शब्द लिहिला की विधान जवळजवळ आपोआप होतं. जोडीच्या ओळीत शब्द दोन्हीकडे तेच असतात. मार्क असतो तो कोणता शब्द कोणाशी जातो याला. शब्दांच्या यादीत ‘फॉस्फरस’, ‘सल्फर’, ‘डीएनए’, ‘प्रोटीन’ एकाखाली एक लिहिलेस त्या क्षणीच ही माहिती गळून पडली. पुढे तू यादी कितीही घोकलीस तरी ती परत येणार नव्हती.

म्हणून यादी सोडू नकोस, मोठीही करू नकोस. तिची घडण बदल.

पहिला बदल, यादी धड्याची नको, प्रश्नाची कर. ४३ शब्दांची यादी परीक्षेत काही कामाची नाही, कारण प्रश्न कधीच ‘या धड्यातलं सगळं लिहा’ असा नसतो. तुझ्या अडीच पानांत पहिलं सव्वा पान ग्रिफिथच्या १९२८च्या प्रयोगावर आणि मग एव्हरी, मॅक्लिऑड, मॅकार्टी यांच्यावर गेलं आहे. उंदीर, एस प्रकार, आर प्रकार, उष्णतेने मारलेले जिवाणू, सगळं बिनचूक, आणि मार्क शून्य, कारण प्रश्नात त्यांचं नावच नव्हतं. तुझ्या यादीत ते शब्द हर्शे-चेसच्या आधी होते, म्हणून ते कागदावर आले. यात मार्क कापले गेले नाहीत, पण वेळ गेला. तीन तासांत ७० मार्क, म्हणजे मार्काला अडीच मिनिटं; पाच मार्कांच्या उत्तराला बारा-साडेबारा मिनिटं. त्यातली सहा ग्रिफिथने खाल्ली, आणि सहावी ओळ लिहायची वेळ आली तेव्हा तू घाईत ‘रेडिओॲक्टिव्हिटी आढळली’ म्हणून मोकळी झालीस. अक्षर बघ ना, शेवटच्या परिच्छेदात कसं आडवंतिडवं झालंय.

पाच मार्कांचे संभाव्य प्रश्न एका धड्यात मोजकेच असतात. या धड्यात हर्शे-चेस, मेसेल्सन-स्टाल, डीएनएची प्रतिकृती, ट्रान्सक्रिप्शन, लॅक ऑपेरॉन, ट्रान्सलेशन, डीएनए फिंगरप्रिंटिंग, आणखी एखाद-दुसरा. प्रत्येकाला एक पानाची यादी. सीबीएसईच्या cbseacademic.nic.in वर नमुना प्रश्नपत्रिका आणि त्यांच्या स्कीम असतात, आणि झालेल्या परीक्षांच्याही स्कीम मंडळ जाहीर करतं. एकच प्रश्न, किंवा त्याची भावंडं, तीन-चार वर्षांच्या स्कीममध्ये शोध आणि शेजारी शेजारी ठेव. जी ओळ सगळीकडे आहे ती यादीत पक्की. जी एखाद्याच वर्षी आहे ती पेन्सिलने, कडेला. तिरकी रेघ देऊन लिहिलेला पर्याय म्हणजे दोन्हीपैकी काहीही चालेल, दोन्ही पाठ करू नकोस. ‘कोणतेही तीन’ असं लिहिलेलं असेल तर सहा मुद्दे दिले असले तरी तुला चांगले समजलेले चारच घे, एक हाताशी राखीव.

दुसरा बदल ओळीचा. ओळीत नुसतं नाम लिहू नकोस, क्रियापद लिही. वरच्या सात ओळी मी मुलांना अशा लक्षात ठेवायला सांगते: वाढवले, खुणावले, लावले, घुसळले, फिरवले, पाहिले, ठरवले. सात क्रिया, एकामागून एक, हाताने केल्यासारख्या. ‘ब्लेंडर’ हा शब्द आठवला तर तू ‘ब्लेंडर वापरला’ एवढंच लिहिशील. ‘घुसळले’ आठवलं तर कशासाठी घुसळले हा प्रश्न आपोआप येतो, आणि त्याचं उत्तरच अर्ध्या मार्काचं विधान असतं. जोडीच्या ओळींना, म्हणजे ‘वाढवले’, ‘खुणावले’ आणि ‘पाहिले’ यांना, शेजारी दोन उभ्या रेघा मार. त्या रेघा दिसल्या की पेन वाक्याच्या मध्यावर थांबवायचं नाही. फॉस्फरसचं लिहिलं की लगेच ‘तर सल्फरच्या बाबतीत’ हे यायलाच हवं. हीच गोष्ट फरक लिहिण्याच्या प्रश्नाला. एका बाजूचं लिहून दुसरी बाजू मोकळी ठेवली, की तो फरक होत नाही आणि त्या ओळीचा मार्क सहसा मिळत नाही.

तिसरा बदल सगळ्यात कष्टाचा आहे आणि बहुतेक मुलं तो टाळतात. प्रत्येक ओळीसमोर ‘का’ हे एका वाक्यात लिही. फॉस्फरस आणि सल्फरच का? कारण एक डीएनएत आहे आणि प्रथिनात नाही, दुसरं प्रथिनात आहे आणि डीएनएत नाही. ढवळलं नसतं तर? आवरणं जिवाणूंना चिकटलेलीच राहून त्यांच्याबरोबर तळाशी गेली असती, आणि सल्फरची रेडिओॲक्टिव्हिटीही तळाशी दिसली असती. मग आत काय शिरलं हे सांगताच आलं नसतं. हे स्कीममध्ये दर वेळी असतं असं नाही. पण अलीकडे प्रश्न सरळ येत नाहीत. समजा विचारलं, ‘फॉस्फरसऐवजी रेडिओॲक्टिव्ह कार्बन वापरला असता तर निष्कर्ष काढता आला असता का?’ शब्दांच्या यादीत कार्बन नाही, त्यामुळे यादी पाठ असलेली मुलगी इथे अडते. दुसऱ्या ओळीचा ‘का’ माहीत असलेली मुलगी लिहिते: कार्बन डीएनएतही आहे आणि प्रथिनातही, दोघांनाही खूण झाली असती, वेगळं ओळखता आलं नसतं. दोन मार्क, तीन ओळी.

यादीची हद्दही इथेच संपते. पेपरात चार मार्कांचे दोन प्रश्न उताऱ्यावर किंवा प्रसंगावर आधारित असतात. त्यांच्यासाठी आधीपासून यादी करून ठेवता येत नाही. तिथे प्रश्नातली माहिती हीच यादी. तशा प्रश्नावर घरची यादी आणून आदळली की उत्तर लांब होतं आणि विचारलेलं राहून जातं. तेव्हा तुझ्या वहीत त्या प्रश्नांचा विभागच ठेवू नकोस.

आकृतीबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण फोटोत तुझी आकृती दिसते म्हणून बोलते. आकृती सुरेख आहे, जवळजवळ अर्धं पान, आणि नावं फक्त तीन. आकृती विचारलेली असते तेव्हा मार्क मुख्यतः नावांना असतात, बरेचदा एका नावाला अर्धा. फुलझाडाच्या भ्रूणकोशाची आकृती काढताना अंडपेशी, सहायक पेशी, त्यांच्या टोकाचं फिलिफॉर्म ॲपरेटस, ध्रुवीय केंद्रकं असलेली मध्यपेशी, प्रतिमुखी पेशी आणि मायक्रोपायलर व चलॅझल टोकं अशी नावं लागतात; छाया देण्याला काही नाही. तेव्हा आकृतीच्या यादीत नावंच लिही, आकडा घालून, आणि प्रत्येक नावाची रेघ नेमकी कुठे टेकते तेही. रेघ दोन पेशींच्या मधल्या भिंतीवर टेकली तर परीक्षकाला काय समजायचं? हर्शे-चेसच्या आकृतीत लागण, ब्लेंडिंग, सेंट्रिफ्युगेशन ही तीन नावं तू दिलीस. राहिलं ते दोन रांगांच्या शेवटच्या नळ्यांखाली रेडिओॲक्टिव्हिटी कुठे आहे आणि कुठे नाही ते लिहिणं. तेवढं तिथे असतं तर सहाव्या ओळीचा निम्मा तरी मार्क आकृतीने वाचवला असता.

यादी झाली की ती बरोबर झाली की नाही हे कसं कळणार? स्वतः तपासू नकोस. आपण लिहिलेलं वाचताना मन गाळलेल्या जागा भरून घेतं. ‘रेडिओॲक्टिव्हिटी आढळली’ वाचताना तुला आतून ‘जिवाणूंमध्ये’ असं ऐकू येतं आणि ते कागदावर नाही हे दिसत नाही. उत्तर यादी न बघता, घड्याळ लावून लिही. मग सात ओळींचा कागद मैत्रिणीच्या हातात दे, शक्यतो बायोलॉजी न घेतलेल्या. तिला एकच नियम सांग: कागदावरच्या ओळीचा पूर्ण अर्थ उत्तरातल्या एका किंवा लागून असलेल्या दोन वाक्यांत सापडला तरच टिक, ‘तिला हेच म्हणायचं असेल’ असं वाटलं तर फुली. बायोलॉजी येणारी मैत्रीण तुझ्या बाजूने गाळलेल्या जागा भरते, न येणारी भरू शकत नाही, म्हणून ती जास्त चांगली परीक्षक. भाऊ असला तर तोही चालेल. भावंडं मार्क द्यायला फार कंजूष असतात. फुली पडलेली ओळ त्याच दिवशी फक्त एका वाक्यात पुन्हा लिही, सगळं उत्तर नव्हे. तीच ओळ पुढच्या वेळी पुन्हा फुली खाऊन आली, तर पाठांतर कमी पडलेलं नाही, तो भाग समजलेला नाही. तेवढ्यापुरतं पुस्तक उघड.

परीक्षेच्या दिवशी वाचनाला १५ मिनिटं मिळतात, तेव्हा लिहिता येत नाही, पण पाच मार्कांच्या तीन प्रश्नांपैकी ज्यात पर्याय आहे तिथे कोणता घ्यायचा हे ओळी मनात मोजून ठरव. ज्याच्या जास्त ओळी तुला पूर्ण सांगता येतात तो घे, जो धडा आवडतो तो नव्हे. लिहायला घेताना समासात पेन्सिलने क्रियांची पहिली अक्षरं मांड, प्रत्येकीचं वाक्य झालं की त्यावर बारीक रेघ, शेवटी खोडून टाक. उत्तरात प्रत्येक ओळीचा स्वतंत्र मुद्दा कर, आकडा घालून. सात मुद्दे, एक आकृती, दीड पान. तुझ्या अडीच पानांपेक्षा हे कमी दिसेल आणि सुरुवातीला तुला धाकधूक वाटेल, पण परीक्षकाला सातही ओळी वरून खाली एका नजरेत सापडतील.

आता राज्य मंडळाच्या बारावीच्या वाचकांसाठी थोडं, कारण असं पत्र त्यांच्याकडूनही येतं. तुमच्या बायोलॉजीत दीर्घोत्तरं चार मार्कांची, पाचपैकी तीन सोडवायची. सीबीएसईसारखी ओळीओळीची स्कीम तुमच्या हाताशी नसली तरी काम अडत नाही. हर्शे-चेस तुमच्याही पुस्तकात आहे. पुस्तकातला परिच्छेद घ्या, प्रत्येक वाक्य ‘हे काढलं तर प्रयोग कळेनासा होतो का’ या प्रश्नाला लावा. होत असेल तर ठेवा, नसेल तर सोडा. उरलेल्या विधानांना अर्धा-अर्धा मार्क धरून आठपर्यंत आणा. जास्त झाली तर शेजारच्या दोन क्रिया एका ओळीत घाला, उदाहरणार्थ ढवळणं आणि फिरवणं. पण जोडीची ओळ तोडू नका. सीबीएसईची स्कीम पडताळणीसाठी बघितलीत तरी हरकत नाही, विज्ञान तेच आहे. फक्त शब्द तुमच्या पुस्तकातले ठेवा. आणि मोठा भाऊ किंवा बहीण गेल्या वर्षी परीक्षेला बसली असेल, निकालानंतर तिने उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली असेल, तर ती मागून घ्या. कोणत्या उत्तरावर चारपैकी किती पडले हे त्यात दिसतं, आणि तुम्ही केलेली यादी त्या उत्तराला लावून बघितली की तुमचा अंदाज किती जवळ आहे ते कळतं.

नाशिकच्या मुली, तुझ्या त्या ४३ शब्दांपैकी हर्शे-चेसच्या वाट्याचे मी मोजले, ते ११ निघाले. त्यांची सात वाक्यं कर, आज रात्रीच, आणि तीन जोडीच्या ओळींना दोन रेघा मार. बाकीचे ३२ त्यांच्या त्यांच्या प्रश्नाच्या पानावर जातील. मेसेल्सन-स्टालपासून सुरू कर, कारण तिथेही तीच जोडी आहे: जड नायट्रोजन आणि हलका नायट्रोजन, आणि प्रत्येक पिढीत कोणता पट्टा कुठे दिसला. तुझ्या सरांचा पुढचा पेपर त्यावरच येईल असं मला आपलं उगाच वाटतंय.